नेटवर्क इंजिनियरचा रेझ्युमे आणि इन्फ्रास्ट्रक्चर सपोर्टची जाहिरात: तीन ओळी तपासून हव्या आहेत

रात्रपाळीकर

नमस्कार. मी गेली चार वर्षे नेटवर्क ऑपरेशन्समध्ये, त्यातली बहुतेक रात्रपाळीत, काम करतो आहे. इन्फ्रास्ट्रक्चर सपोर्टच्या दुसऱ्या पातळीच्या एका जागेसाठी अर्ज करायचा आहे. जाहिरातीत तीन गोष्टींवर विशेष भर आहे. पहिली, राउटिंगचे वैध प्रमाणपत्र: सीसीएनए अनिवार्य, सीसीएनपी असल्यास प्राधान्य. दुसरी, मॉनिटरिंग टूल्सचा प्रत्यक्ष अनुभव, आणि त्यापुढे 'थ्रेशोल्ड ठरवणे व अनावश्यक अलर्ट कमी करणे' असे स्वतंत्र वाक्य आहे. तिसरी, पी१ आणि पी२ दर्जाच्या घटना हाताळणे, त्यांचे मूळ कारण लिहून काढणे आणि पाळी बदलताना काम व्यवस्थित सोपवणे.

माझ्या रेझ्युमेतल्या संबंधित तीन ओळींचा आशय खाली देत आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे.

> प्रमाणपत्रे: सीसीएनए, सीसीएनपी एंटरप्राइझ – एन्कॉर.
>
> टूल्स: झॅबिक्स, सोलरविंड्स, पीआरटीजी, नॅगिओस, ग्राफाना, स्प्लंक, वायरशार्क.
>
> पी१ व पी२ दर्जाच्या ५००हून अधिक घटना हाताळल्या आणि ९९.९ टक्के अपटाइम राखला.

याच रेझ्युमेवर आधी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एका ठिकाणाहून काहीच उत्तर आले नाही. दुसरीकडे पहिल्या फेरीत 'तुमचा अनुभव नेमका कळत नाही' असे ऐकावे लागले. कुठे चुकते आहे ते स्पष्ट सांगावे, वाईट वाटून घेणार नाही.

खडूफळा

प्रमाणपत्रांपासून सुरुवात करतो. सीसीएनए तुम्ही कोणत्या साली केले ते लिहिलेलेच नाही. सिस्कोचे प्रमाणपत्र तीन वर्षेच वैध असते. ती मुदत उलटली असेल तर ते नाव रेझ्युमेत ठेवणे म्हणजे खोटे लिहिणेच होय, आणि पडताळणी झाली की अर्ज तिथेच संपेल.

रात्रपाळीकर

सीसीएनए मार्च २०२१ मध्ये केले, २००-३०१ क्रमांकाची परीक्षा देऊन. एन्कॉर, म्हणजे ३५०-४०१, जानेवारी २०२४ मध्ये उत्तीर्ण झालो. सीसीएनपीची दुसरी परीक्षा अजून दिलेली नाही.

खडूफळा

मग माझा अंदाज बरोबर निघाला. मार्च २०२१ अधिक तीन वर्षे म्हणजे मार्च २०२४. तुमचे सीसीएनए संपले आहे, ते काढून टाका आणि फक्त सीसीएनपी ठेवा. वरची पायरी असताना खालची दाखवायची गरजही नसते.

मैत्रेयी

खडूफळा, तीन वर्षांचा नियम तुम्ही बरोबर सांगितलात, परंतु त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष उलटे आहेत, आणि नेमकी हीच गल्लत रेझ्युमेच्या पहिल्या ओळीतही झाली आहे.

सीसीएनए वैध असताना सीसीएनपीच्या पातळीची कोअर परीक्षा उत्तीर्ण झाले की सीसीएनएचे आपोआप नूतनीकरण होते आणि नवी मुदत त्या परीक्षेच्या दिवसापासून पुढे तीन वर्षे मोजली जाते. रात्रपाळीकरांनी एन्कॉर जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे जुनी मुदत संपायच्या दोन महिने आधी दिली. त्यामुळे त्यांचे सीसीएनए जानेवारी २०२७ पर्यंत वैध आहे. तीच परीक्षा मे २०२४ मध्ये दिली असती तर मेलेले सीसीएनए जिवंत झाले नसते. ते मिळवायला पुन्हा २००-३०१ द्यावी लागली असती. दोन महिन्यांच्या फरकाने वाचलेली ही गोष्ट रेझ्युमेत कुठेच दिसत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर वाचणारा खडूफळांसारखाच हिशेब करणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आता सीसीएनपी. सीसीएनपी एंटरप्राइझ हे प्रमाणपत्र दोन परीक्षांनंतर मिळते, एक कोअर आणि एक विशेष विषयाची. एकट्या एन्कॉरने सीसीएनपी होत नाही. तिच्यावर 'सिस्को सर्टिफाइड स्पेशालिस्ट – एंटरप्राइझ कोअर' या वेगळ्या नावाचे प्रमाणपत्र मिळते. 'सीसीएनपी एंटरप्राइझ – एन्कॉर' ही तुमची ओळ वाचून मला वाटले की तुम्ही सीसीएनपी आहात आणि कोअर परीक्षेचे नाव जोडीला लिहिले आहे. तुमचा हेतू तसा नसेल, पण मुलाखतीच्या टेबलावर हेतू दिसत नाही. म्हणजे जे अनिवार्य आहे आणि तुमच्याकडे खरोखर आहे ते तुम्ही अर्धवट लिहिले आहे, आणि जे फक्त प्राधान्याचे आहे आणि तुमच्याकडे नाही ते असल्यासारखे लिहिले आहे.

नेमक्या तारखेसाठी सिस्कोच्या तुमच्या खात्यात जी मुदत दिसते तीच उतरवून घ्यावी, स्वतः हिशेब करू नये.

खडूफळा

नूतनीकरणाचा हा मार्ग मला ठाऊक नव्हता. मी स्वतः दोन्ही वेळा सीसीएनएचीच परीक्षा पुन्हा दिली. फुकट गेले म्हणायचे ते कष्ट. माझा आक्षेप मागे घेतो.

चाळणी

मी भरतीच्या बाजूला आहे. अर्जांची पहिली छाननी माझ्याकडे होते आणि नेटवर्किंग हे माझे क्षेत्र नाही, हे आधीच कबूल करतो. मैत्रेयी यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या योग्यच असेल, पण ते तसेच्या तसे रेझ्युमेत उतरले तर माझ्यासारख्या माणसाकडून चूक होईल. माझ्यासमोर यादी असते. तिच्यात 'सीसीएनए' आणि 'सीसीएनपी' हे दोन शब्द असतात. 'स्पेशालिस्ट – एंटरप्राइझ कोअर' हे नाव त्या यादीत नसते. त्याचा सीसीएनपीशी संबंध आहे हे मला आजच कळले. तेव्हा सीसीएनपी हा शब्द ओळीतून पूर्णपणे काढू नये, असे मला वाटते. 'सीसीएनपी एंटरप्राइझच्या दोनपैकी एक परीक्षा उत्तीर्ण' असे लिहिले तर त्यात खोटे काही नाही आणि माझी नजरही तिथे थांबेल.

मैत्रेयी

हे लिखाण खोटे ठरणार नाही, हे मान्य. तरीही माझा विरोध आहे, कारण तो शब्द बघून छाननीत पुढे आलेले उमेदवार मी पाहते आणि 'दोनपैकी एक' हे शब्द वाचेपर्यंत माझ्या मनात एक अपेक्षा तयार झालेली असते. इथे तुमची सोय आणि माझी सोय वेगवेगळी आहे. रात्रपाळीकरांनी ठरवावे.

एक मुदत मात्र त्यांनी ध्यानात ठेवावी. दुसरी परीक्षा जानेवारी २०२७च्या आत झाली नाही तर पहिलीची मुदत संपेल आणि सीसीएनपीसाठी ती धरली जाणार नाही. सपोर्टच्या जागेसाठी विशेष विषय निवडायचा तर मी ३००-४१०, म्हणजे एनार्सी, सुचवेन. ओएसपीएफ, बीजीपी आणि एका प्रोटोकॉलमधले मार्ग दुसऱ्यात नेताना होणारे घोटाळे दुरुस्त करणे, हा तिचा गाभा आहे आणि दुसऱ्या पातळीच्या सपोर्टचे रोजचे काम त्याच्या सर्वांत जवळ जाते.

शेवटचा_हॉप

मला एक कळत नाही, नेटवर्क इंजिनियर असलेला माणूस सपोर्टमध्ये का जातो आहे? ही पायरी उतरणे झाले. मी आठ वर्षे सपोर्ट केला. प्रमाणपत्र एकदाच केले आणि नंतर कधी नूतनीकरण केले नाही, कारण काम येत होते आणि कुणी विचारत नव्हते. मग नोकरी बदलायची वेळ आली तेव्हा एका कंपनीने मला पहिल्याच फेरीत परत पाठवले. त्यांच्या अर्जात मुदतीची तारीख भरल्याशिवाय पुढचे पानच उघडत नव्हते. आठ वर्षांत किती लिंका उठवल्या ते लिहायला त्या अर्जात एक रकाना नव्हता. तेव्हा मी म्हणतो, सपोर्टचा नाद सोडा आणि क्लाउडकडे वळा.

रात्रपाळीकर

शेवटचा_हॉप, तुमच्या बाबतीत जे झाले त्याचे वाईट वाटले. मात्र माझा प्रश्न कोणत्या बाजूला जावे हा नाही. जाहिरातीतली जागा मला हवीच आहे. सध्या मी पहिल्या पातळीवर अलर्ट पाहून तिकीट पुढे पाठवतो आणि दुसरी पातळी स्वतः दुरुस्ती करते, म्हणून माझ्या दृष्टीने ही चढण आहे.

मैत्रेयीताई, टूल्सच्या ओळीबद्दल आपले मत वाचायला आवडेल.

मैत्रेयी

टूल्सची तुमची ओळ वाचून मला सात नावे कळली आणि तुम्ही काय केलेत ते एकाही नावावरून कळले नाही. जाहिरातीत तर टूलचे नावच नाही, थ्रेशोल्ड ठरवणे आणि अलर्ट कमी करणे ही कामे आहेत. सातपैकी कोणत्या टूलमध्ये तुम्ही स्वतः काही बदलले आणि कोणत्या टूलचा पडदा फक्त पाहिलात, ते आधी सांगा.

रात्रपाळीकर

प्रामाणिकपणे सांगायचे तर रोजचे काम झॅबिक्सवर होते आणि त्यात ट्रिगर बदलण्याचे अधिकार मला गेल्या दीड वर्षापासून आहेत. वायरशार्क महिन्यातून दोन-तीनदा लागते. ग्राफानाचे डॅशबोर्ड दुसऱ्या चमूने केले आहेत, मी ते पाहतो. सोलरविंड्स आधीच्या नोकरीत फक्त पाहिले. पीआरटीजी आणि नॅगिओस घरी प्रयोगासाठी बसवले होते. स्प्लंकमध्ये लॉग शोधतो, त्यापलीकडे काही नाही.

झॅबिक्समध्ये केलेले सांगण्यासारखे काम एकच. आमच्याकडे ४२ शाखा आहेत. एखाद्या शाखेचा राउटर पडला की त्याच्यामागचे स्विच आणि ॲक्सेस पॉइंटही गप्प होतात आणि एका बिघाडाचे चौदा-पंधरा अलर्ट येतात. मी त्या सगळ्यांचे ट्रिगर शाखेच्या राउटरवर अवलंबून ठेवले, त्यामुळे राउटर पडला की एकच अलर्ट येतो. शिवाय पॅकेट गळतीचा जो ट्रिगर एका वाईट नमुन्यावर वाजायचा तो बदलला. आधीची आणि नंतरची ओळ देतो.

```
last(/BR-RTR-01/icmppingloss)>20
min(/BR-RTR-01/icmppingloss,10m)>20
```

पहिल्या ओळीत शेवटच्या एका तपासणीत गळती वीस टक्क्यांवर गेली की अलर्ट यायचा. दुसरीत दहा मिनिटांतला सर्वांत चांगला नमुनाही वीसच्या वर असेल तरच येतो. रात्रीचे अलर्ट सरासरी १८०वरून ६०च्या आसपास आले.

चाळणी

हेच आधी का लिहिले नाही? मला झॅबिक्समधले ओ की ठो कळत नाही, तरी '१८०वरून ६०' हे कळले.

मैत्रेयी

चाळणी यांना जो आकडा आवडला, त्याच आकड्यावर मी प्रश्न विचारणार. अलर्ट कमी करणे सोपे असते. सगळे बंद केले की शून्यावर येतात. तेव्हा १२० अलर्ट गेले त्यांतला एकही खरा बिघाड नव्हता, हे तुम्हाला कसे कळले?

आणि दहा मिनिटांच्या अटीला किंमत आहे. एखादी लिंक सात मिनिटे पूर्णपणे मेली आणि परत उठली तर या ट्रिगरला त्याचा पत्ताही लागणार नाही. लिंक संपूर्ण पडल्याचा अलर्ट देणारा दुसरा, लवकर वाजणारा ट्रिगर शेजारी आहे का?

रात्रपाळीकर

आहे. तीन पिंग एकामागून एक चुकले की वाजणारा ट्रिगर वेगळा आहे आणि त्याला मी हात लावलेला नाही. खऱ्या बिघाडांबद्दल म्हणाल तर बदलानंतर एक महिना मी वापरकर्त्यांकडून आलेली तिकिटे आणि झॅबिक्सचे अलर्ट रोज सकाळी शेजारी ठेवून पाहिले. ज्याची तक्रार आली पण अलर्ट आला नाही, अशा घटना दोन निघाल्या. दोन्ही एकाच शाखेच्या होत्या. तिथे राउटर मी चुकीच्या गटात टाकला होता. तो दुरुस्त केला.

मैत्रेयी

मग त्या दोन चुकलेल्या घटनाच तुमच्या कामाचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत आणि त्या तुम्ही लपवून ठेवल्या होत्या! तपासून पाहिले, दोन सापडल्या, कारण मिळाले, दुरुस्त केले. हे सांगणारा उमेदवार मी क्वचित पाहते.

टूल्सच्या ओळीत झॅबिक्स पहिले, त्यापुढे हे काम, मग वायरशार्क, आणि उरलेल्यांपैकी स्प्लंक व ग्राफाना 'वापरकर्ता म्हणून' या शब्दांसह ठेवावीत. बाकीची तीन वगळावीत. नाव लिहिले की त्यावर प्रश्न येतो. मॉनिटरिंगबद्दल मी नेहमी एक प्रश्न विचारते. एक गिगाबिटची लिंक वापरकर्त्यांच्या मते तुडुंब भरलेली आहे, पण दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने वाचलेल्या ग्राफवर वापर जेमतेम दिसतो आणि रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होते, असे का? ज्याने फक्त नावे पाठ केली आहेत तो बँडविड्थवर बोलू लागतो. ज्याने असा ग्राफ पाहिलेला असतो तो विचारतो की काउंटर ३२ बिटांचा आहे की ६४. ३२ बिटांचा काउंटर एक गिगाबिटच्या पूर्ण वेगाला साधारण ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांत तो आठ वेळा फिरलेला असतो आणि टूलला त्यातली फार तर एक फेरी कळते.

शेवटचा_हॉप

आमच्याकडे हे झाले होते. यंत्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीवर जोडलेले होते आणि त्या आवृत्तीत ६४ बिटांचे काउंटर वाचताच येत नाहीत. आम्ही दोन आठवडे लिंक पुरवणाऱ्या कंपनीशी भांडत बसलो. शेवटी आवृत्ती बदलल्यावर ग्राफ एका दिवसात सुधारला. बघा, हे लिहायलाही अर्जात रकाना नव्हता.

मैत्रेयी

हे तुम्ही रेझ्युमेतच लिहायला हवे होते, शेवटचा_हॉप.

आता तिसरी ओळ. '५००हून अधिक घटना' यावर माझा पहिला प्रश्न असा की त्यांत पी१ किती? दोन्ही एकत्र मोजले की मोठा भाग पी२चा असणार हे कुणालाही कळते, आणि पहिल्या पातळीवर तिकीट पुढे पाठवणे यालाही 'हाताळणे' म्हटले आहे का, अशी शंका येते. '९९.९ टक्के अपटाइम' तर त्याहून अवघड. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. ती कशाची? एका लिंकची, ४२ शाखांच्या सरासरीची, की मुख्य डेटा सेंटरची? मोजले कोणी? आणि तो आकडा तुमच्या एकट्याच्या हातात होता का? रात्रपाळीतला एक माणूस अपटाइम राखत नाही, त्यासाठी दुहेरी लिंका आणि चांगली रचना लागते. हा वाक्प्रचार इतक्या रेझ्युमेंत असतो की मी तो वाचतही नाही.

त्याऐवजी एकच घटना सांगा, घड्याळासकट. जिच्यात तुम्ही स्वतः काहीतरी ठरवले, अशी.

रात्रपाळीकर

एक सांगतो, जरा लांबेल. मुख्य केंद्र आणि दुसरे केंद्र यांच्यातल्या लिंकवर बीजीपी चालते. जोडीला कमी क्षमतेची बॅकअप लिंक आहे. एका रात्री ०१:५२ला बीजीपी सेशन पडल्याचा अलर्ट आला. मी लॉग उघडेपर्यंत सेशन परत उठले होते, म्हणून थांबलो. तीन मिनिटांनी पुन्हा पडले. मग पुन्हा. दर वेळी वाहतूक बॅकअपवर जायची आणि सेशन उठले की परत मुख्य लिंकवर यायची. त्या ये-जा करण्यात वापरकर्त्यांची कामे मध्येच तुटत होती. लॉगमध्ये हेच पुन्हा पुन्हा दिसत होते.

```
%BGP-3-NOTIFICATION: sent to neighbor 10.20.0.1 4/0 (hold time expired) 0 bytes
```

०२:०५ला पी१चे तिकीट उघडले आणि लिंक पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांनी पिंग करून पाहिले, गळती शून्य, 'लिंक उत्तम आहे' म्हणून त्यांच्याकडचे तिकीट बंद केले. पिंग मलाही स्वच्छ दिसत होते. पण सेशन दर वेळी तीन मिनिटांच्या किंचित पुढेच पडत होते, आणि आमच्या राउटरवर होल्ड टाइम १८० सेकंदांचा आहे. लिंक खराब असती तर ती अशी घड्याळ लावून पडली नसती. मग मोठ्या पॅकेटचे पिंग केले.

```
ping 10.20.0.1 size 1400 df-bit
ping 10.20.0.1 size 1500 df-bit
```

पहिले सगळे गेले, दुसऱ्यातले एकही नाही. म्हणजे सेशन जुळवणारी लहान पॅकेटे जात होती, त्यामुळे सेशन उठायचे. पण समोरचा राउटर मार्गांची यादी पाठवू लागला की ती पॅकेटे पूर्ण आकाराची असायची आणि वाटेत मुकाट्याने टाकली जायची. तो तीच पुन्हा पाठवत बसायचा, कीपअलाइव्ह त्याच रांगेत मागे अडकायचे, १८० सेकंद संपायचे आणि आमचा राउटर सेशन तोडायचा. ०२:३१ला ड्युटी मॅनेजरना फोन करून परवानगी घेतली आणि ०२:३४ला आमच्या बाजूने ते नेबर बंद केले. सगळी वाहतूक बॅकअपवर स्थिर झाली, वेग कमी पण तुटणे थांबले. कंपनीला दोन्ही पिंगचे निकाल पाठवले. त्यांनी त्या रात्री सर्किट नव्या यंत्रावर हलवले होते आणि तिथे फ्रेमचा कमाल आकार कमी ठेवला गेला होता. ०५:१५ला त्यांनी तो सुधारला आणि आम्ही सेशन पुन्हा चालू केले.

मैत्रेयी

ही घटना रेझ्युमेत नाही आणि '५००हून अधिक' आहे, याला काय म्हणावे!

यात मला जे दिसते ते सांगते. स्वच्छ पिंगवर विश्वास न ठेवता तुम्ही ठेक्याकडे लक्ष दिलेत. बीजीपी एका ठरावीक अंतराने पडत असेल आणि ते अंतर होल्ड टाइमच्या जवळ असेल तर पॅकेटच्या आकाराकडे बघायचे, हे अनुभवातूनच येते. दुसरे, कारण पूर्ण दूर व्हायची वाट न पाहता तुम्ही आधी सेवा स्थिर केलीत. ०१:५२ ते ०२:३४ ही ४२ मिनिटे सेवा पूर्ववत होण्याची आहेत आणि ०१:५२ ते ०५:१५ हे ३ तास २३ मिनिटे बिघाड दूर होण्याचे आहेत. या दोन वेळा एकाच वाक्यात मिसळू नका. 'घटना ४२ मिनिटांत सोडवली' असे लिहिले तर ते चूक ठरेल, कारण लिंक तेव्हा दुरुस्त झालेली नव्हती आणि ती अखेर तुम्ही नव्हे, कंपनीने दुरुस्त केली. तिसरे, परवानगीचा फोन. चालू यंत्रावर मध्यरात्री बदल करण्यापूर्वी विचारणारा माणूस सपोर्टला हवा असतो.

खडूफळा

एक शंका. पहिल्यांदा सेशन उठले तेव्हा 'थांबलो' असे लिहिले आहे. अलर्ट ०१:५२चा आणि तिकीट ०२:०५चे, म्हणजे तेरा मिनिटे. पी१साठी हे जास्त नाही का? मुलाखतीत यावर बोट ठेवतील.

रात्रपाळीकर

ठेवतील. तिसऱ्यांदा पडेपर्यंत मला ती नेहमीची उचकी वाटली होती. तेव्हाच तिकीट उघडायला हवे होते.

मैत्रेयी

विचारले तर असेच सांगा. घटनेनंतरच्या अहवालात ही तेरा मिनिटे लिहिली होतीत का, हा माझा पुढचा प्रश्न असेल, कारण जाहिरातीत मूळ कारण लिहून काढणे मागितले आहे.

रात्रपाळीकर

लिहिली होती. त्यानंतर बीजीपी दहा मिनिटांत दोनदा पडले की थेट पी१चा अलर्ट येईल, असा ट्रिगरही मी केला. पाळी सोपवण्याच्या नोंदीत 'सर्किट हलवल्यानंतर १५०० बाइटचे पिंग तपासणे' ही ओळ तेव्हापासून आहे.

सगळ्यांच्या सूचनांनंतर तीन ओळी अशा झाल्या आहेत.

> सीसीएनए, जानेवारी २०२७ पर्यंत वैध. सिस्को सर्टिफाइड स्पेशालिस्ट – एंटरप्राइझ कोअर, जानेवारी २०२४. सीसीएनपी एंटरप्राइझच्या दोनपैकी ही एक परीक्षा, दुसरी बाकी.
>
> झॅबिक्स: ४२ शाखांसाठी ट्रिगरचे परस्परावलंबन व थ्रेशोल्ड बदलून रात्रीचे अलर्ट सरासरी १८०वरून ६०वर आणले, महिनाभर तिकिटांशी ताडून पाहिले, सुटलेल्या २ घटनांचे कारण दूर केले. वायरशार्क: नियमित वापर. स्प्लंक, ग्राफाना: वापरकर्ता म्हणून.
>
> पी१: दोन केंद्रांमधील बीजीपी सेशन दर १८० सेकंदांनी पडत असताना कारण पॅकेटच्या आकारात असल्याचे शोधले, परवानगीने वाहतूक बॅकअप लिंकवर स्थिर करून ४२ मिनिटांत सेवा पूर्ववत केली, लिंक पुरवठादाराने ३ तास २३ मिनिटांत बिघाड दूर केला, मूळ कारणाचा अहवाल लिहिला.

चाळणी

पहिली ओळ मला चालेल. तिसरी माझ्यासाठी लांब आहे, पण 'पी१' आणि 'मूळ कारण' हे शब्द सापडले, त्यामुळे माझ्या टेबलावरून ती पुढे जाईल.

मैत्रेयी

सीसीएनपी शब्दावरचा माझा विरोध कायम आहे, पण 'दुसरी बाकी' हे त्याच ओळीत असल्याने मी तक्रार करणार नाही. केंद्रांची खरी नावे आणि पत्ते कुठेही येऊ देऊ नका, मुलाखतीत तोंडीसुद्धा.

एकच विचारते. ०२:३४ ही वेळ तुमच्या आठवणीतली आहे की तिकिटातली?

रात्रपाळीकर

आत्ता तिकीट उघडून पाहिले. सेवा पूर्ववत झाल्याची नोंद ०२:५०ची आहे, कारण मी नेबर बंद केल्यावर आधी कंपनीशी बोलत होतो आणि तिकीट नंतर भरले. राउटरवरच्या बदलाचा लॉग ०२:३४ दाखवतो का, ते आजच्या पाळीत पाहतो. तो मिळाला नाही तर ओळीत ५८ मिनिटे लिहीन.